चाचणी ९७ टक्के बरोबर, मग पॉझिटिव्ह माणूस किती टक्के आजारी?

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांत सोयरीक जुळवताना आता पत्रिकेसोबत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रिपोर्टही विचारला जातो. ही चांगलीच गोष्ट आहे. अडचण रिपोर्ट विचारण्यात नसून तो वाचण्यात आहे. अशाच एका बैठकीत मुलाकडच्या एका वडीलधाऱ्याने मांडलेला युक्तिवाद असा होता : "भाऊ, हे तपासणी शंभरातून सत्त्याण्णव खेप बरोबर निघते म्हणते. पोरगी पॉझिटिव्ह हाय, मंग आता कायले बोलणी वाढवाची?" ऐकताना यात चूक दिसत नाही, आणि बैठकीतल्या कोणाला ती दिसलीही नाही.

या एका वाक्यात दोन उड्या आहेत. चाचणी ९७ टक्के बरोबर असते म्हणून या मुलीत सिकलसेलचा दोष असण्याची शक्यताही ९७ टक्के आहे, ही पहिली उडी. दोष आहे म्हणजे ती सिकलसेलची रुग्ण आहे, ही दुसरी. दोन्ही उड्या मारताना एकच गोष्ट विसरली जाते : चाचणी करण्याआधी, ज्या गटातून ही व्यक्ती आली त्या गटात हा दोष मुळात शंभरातल्या किती जणांत असतो? या आकड्याला पुढे मी 'मूळ प्रमाण' म्हणेन. ते हातात नसेल, तर पॉझिटिव्ह या शब्दाला किती वजन द्यायचे हे ठरवता येत नाही. ते वजन वहीच्या एका पानावर कसे काढायचे, ते इथे सांगतो. त्यासाठी बेरीज, गुणाकार आणि भागाकार पुरेसा आहे.

आधी चाचणी नेमकी काय सांगते ते पाहा

गावपातळीवरच्या शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी चाचणी केली जाते. बोटातून घेतलेल्या रक्ताचे काही थेंब एका रसायनाच्या नळीत टाकतात, काही मिनिटे थांबतात आणि नळीमागे काळ्या रेघांचे कार्ड धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. द्रव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. सिकलसेलचे हिमोग्लोबिन, ज्याला एस म्हणतात, त्या रसायनात विरघळत नाही, म्हणून गढूळपणा येतो.

इथे पहिली मेख आहे. हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एकच प्रत एस आणि दुसरी नेहमीची, म्हणजे ए, असेल तर ती व्यक्ती वाहक, म्हणजे एएस; तिचे आयुष्य सहसा इतरांसारखेच जाते. दोन्ही प्रती एस असतील तर ती रुग्ण, म्हणजे एसएस. वारंवार हाडासांध्यांच्या तीव्र वेदना, रक्त कमी होणे, कावीळ, लहान मुलांच्या हातापायांना सूज, हे सारे तिच्या वाट्याला येते. नळी मात्र दोघांच्याही रक्ताने गढूळ होते. सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण वेगळे करत नाही. ते काम इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीचे आहे. आता काही ठिकाणी ए आणि एस वेगळे दाखवणारे झटपट किटही वापरले जाते. म्हणून हाती आलेल्या कागदावर सर्वात आधी चाचणीचे नाव वाचावे, निकाल नंतर.

पायरी पहिली : 'बरोबर' या एका शब्दाचे दोन आकडे करा

"९७ टक्के बरोबर" हे वाक्य अपुरे आहे. त्याच्या पोटात दोन स्वतंत्र आकडे असतात. ज्यांच्यात एस आहे, अशा १०० जणांपैकी किती जणांना चाचणी पकडते, हा एक. ज्यांच्यात एस नाही, अशा १०० जणांपैकी किती जणांना ती चुकून पॉझिटिव्ह ठरवते, हा दुसरा. हिशेब समजावा म्हणून आपण असे धरू, की चाचणी एस असलेल्या १०० पैकी ९७ जणांना पकडते आणि एस नसलेल्या १०० पैकी ३ जणांना विनाकारण पॉझिटिव्ह दाखवते. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्षात ते किट, रसायनाचा ताजेपणा आणि नळी पाहणाऱ्याची नजर यांवर बदलतात. रक्तात चरबी किंवा प्रथिने फार असली तरी नळी गढूळ दिसू शकते.

ध्यानात घ्या, हे दोन्ही आकडे "एस आहे की नाही हे माहीत असेल तर चाचणी काय म्हणेल" अशा प्रश्नाची उत्तरे आहेत. बैठकीतल्या माणसाला उलट प्रश्नाचे उत्तर हवे आहे : "चाचणी पॉझिटिव्ह आली तर एस असण्याची शक्यता किती?" या दोन प्रश्नांची अदलाबदल हेच सगळ्या गोंधळाचे मूळ आहे. बारावीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना हुशार मुलेही सूत्र पाठ म्हणून दाखवतात आणि नेमकी इथेच घसरतात. त्यामुळे मी सूत्र बाजूला ठेवून माणसे मोजायला लावतो.

पायरी दुसरी : हजार माणसे कागदावर उभी करा

टक्क्यांत विचार न करता हजार माणसांत विचार करावा. समजा, एका समाजात किंवा टोल्यावर हजारातल्या २०० जणांत एस आहे, म्हणजे मूळ प्रमाण २० टक्के. भारतातल्या वेगवेगळ्या आदिवासी समाजांत वाहकांचे प्रमाण एक टक्क्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंत आढळले आहे, त्यामुळे हा आकडा अवास्तव नाही.

२०० जणांपैकी ९७ टक्के, म्हणजे १९४ जण, पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ८०० जणांत एस नाही, तरी त्यांच्यापैकी ३ टक्के, म्हणजे २४ जण, चुकून पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह झाले २१८, आणि त्यांत खरे १९४. भागाकार केला तर ८९ टक्के. म्हणजे इथे पॉझिटिव्ह निकालावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो.

आता तेच किट, तीच आरोग्यसेविका आणि तसाच गढूळपणा घेऊन अशा गटात जा, जिथे हजारातल्या फक्त १० जणांत एस आहे. त्या दहापैकी जवळजवळ दहाही जण पकडले जातील. पण उरलेल्या ९९० जणांचे ३ टक्के म्हणजे सुमारे ३० जण चुकून पॉझिटिव्ह होतील. ४० पॉझिटिव्हपैकी खरे १०, म्हणजे २५ टक्के. चाचणी तसूभरही बदलली नाही, तरी इथे चारपैकी तीन पॉझिटिव्ह निकाल खोटे आहेत. यात चाचणी वाईट ठरत नाही. जिथे दोष विरळा असतो, तिथे निरोगी माणसांची संख्याच इतकी मोठी असते की त्यांच्यातली थोडी टक्केवारीही खऱ्या पॉझिटिव्हांच्या संख्येला झाकून टाकते.

तिसरा गट घरातलाच घेऊ. एका मुलाला एसएस असल्याचे पक्के निदान झाले आहे आणि आई-वडील दोघेही वाहक आहेत. त्याच्या सख्ख्या भावाबहिणींत प्रत्येकाला एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष, म्हणजे एए असण्याची २५ टक्के असते. अशी हजार भावंडे धरली तर ७५० जणांत एस असणार, म्हणजे मूळ प्रमाण थेट ७५ टक्के. पॉझिटिव्ह येणाऱ्यांत खरे सुमारे ७२८ आणि खोटे जेमतेम ८. या घरात पॉझिटिव्ह म्हणजे ९९ टक्के खरे.

याच घरातल्या निगेटिव्ह निकालाकडेही बघायला हवे, कारण मूळ प्रमाण पॉझिटिव्हपुरतेच लागू असते असा एक समज असतो. ७५० पैकी ३ टक्के, म्हणजे २२ जण, चाचणीच्या नजरेतून सुटतील, आणि खऱ्या निर्दोषांपैकी २४२ जण निगेटिव्ह येतील. म्हणजे निगेटिव्ह आलेल्या दर बारा भावंडांमागे एकात एस आहे. एक टक्का प्रमाणाच्या गटात हीच जोखीम नगण्य असते. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असेल तर प्रश्न आणखी वाढतो, कारण त्या वयात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन रक्तात भरपूर असते आणि नळी स्वच्छ राहू शकते. अंगात रक्त फार कमी असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल तरी असेच होते. रुग्णाच्या भावंडाचा निगेटिव्ह कागद आला म्हणून तो फाइलला लावून मोकळे होऊ नये. त्याची एचपीएलसी करून घ्यावीच.

पायरी तिसरी : पॉझिटिव्हांतून रुग्ण वेगळे मोजा

दुसरी उडी पहिलीपेक्षा जास्त घातक आहे, आणि लग्ने मोडतात ती बहुधा तिच्यापायी. पुन्हा २० टक्क्यांच्या गटाकडे या. एस असलेल्या त्या २०० जणांपैकी किती जण वाहक आणि किती रुग्ण असतील? हजार माणसे म्हणजे जनुकाच्या दोन हजार प्रती. त्यांत एस प्रती सुमारे साडेदहा टक्के असल्या, तर एखाद्याच्या दोन्ही प्रती एस असण्याची शक्यता साडेदहा टक्क्यांचे साडेदहा टक्के, म्हणजे सुमारे १.१ टक्का. हजारात ११ रुग्ण आणि १८९ वाहक. पडताळा घ्या : ११ रुग्णांच्या २२ प्रती आणि वाहकांच्या १८९, मिळून २११, आणि दोन हजारांत त्या साडेदहा टक्केच भरतात. जवळच्या नात्यात लग्ने होत असतील तर रुग्णांचा आकडा यापेक्षा वाढतो, आणि रुग्ण लहानपणीच दगावत असतील तर मोठ्या माणसांत तो घटतो; पण वाहक रुग्णांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात, हे चित्र पालटत नाही.

आता ते २१८ पॉझिटिव्ह पुन्हा वाटून पाहा. त्यांत २४ जणांत एस नाहीच, सुमारे १८३ वाहक आहेत आणि रुग्ण सुमारे ११. म्हणजे वीस टक्के मूळ प्रमाणाच्या गटातसुद्धा, केवळ नळी गढूळ झाली एवढ्यावर "ही पोरगी सिकलसेलची रुग्ण आहे" असे म्हणणारा माणूस शंभरातून पाच वेळाच बरोबर ठरेल. चाचणीचे ९७ कुठे आणि हे पाच कुठे!

मात्र हे पाच शिबिरातल्या सरसकट तपासणीचे आहेत, हे विसरून चालणार नाही. तीच नळी ग्रामीण रुग्णालयात, वारंवार अंग दुखते आणि डोळे पिवळे होतात म्हणून आणलेल्या मुलाच्या रक्ताने गढूळ झाली, तर हिशेब निराळा होतो, कारण अशी लक्षणे घेऊन आलेल्या मुलांत रुग्णांचे मूळ प्रमाण गावातल्या सरसकट लोकांपेक्षा फार जास्त असते. रुग्णाच्या भावंडांतही ते वेगळे आहे. तिथे एसएस आणि एएस यांचे प्रमाण २५ ला ५० असल्याने पॉझिटिव्ह भावंडांपैकी एकतृतीयांश रुग्ण निघतील. त्यामुळे गट निवडताना "आमच्या तालुक्यात किती" एवढे विचारून थांबू नये. ही व्यक्ती तपासणीपर्यंत कशी आली, शाळेच्या रांगेतून, घरात रुग्ण आहे म्हणून, की दुखणे घेऊन, हेही विचारावे.

पायरी चौथी : सोयरिकीत दुसरा कागद मागा

वर सांगितलेल्या बैठकीत मुलाची तपासणी झाली होती का, हे कोणी विचारले नव्हते. समजा, मुलगी एचपीएलसीने वाहक ठरली आणि मुलगा त्याच २० टक्क्यांच्या समाजातला, पण तपासलेला नाही. तो वाहक असण्याची शक्यता त्या समाजाच्या मूळ प्रमाणावरून १९ टक्के. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून आज, मुलाचा कागद नसताना, ती जोखीम १९ टक्क्यांची चौथाई, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास. मुलगा एए निघाला तर एसएस बाळाची भीती राहत नाही. तोही वाहक निघाला तर ती पाचावरून पंचविसावर जाते. एका चाचणीने आकडा इतका हलतो, आणि तरी चर्चा मुलीच्याच कागदाभोवती फिरत राहते, हे मला गणितापेक्षा मानसिकतेचे अंग वाटते.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. मुलाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आहे, एवढ्यावर त्याला एए समजू नये. तो थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो. ते या नळीत दिसत नाही, आणि एस व थॅलेसेमिया यांची जोडी बाळात एकत्र आली तरी आजार होतोच. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-२ चा आकडाही येतो, आणि थॅलेसेमियाचा वाहक ओळखायला तो उपयोगी पडतो. तो समुपदेशकाला किंवा डॉक्टरला मुद्दाम दाखवावा. गेल्या सुमारे तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर तेही सांगावे, कारण दात्याचे हिमोग्लोबिन रिपोर्टमध्ये मिसळते आणि आकडे फसवतात.

पायरी पाचवी : भाषणातली टक्केवारी उलटी करून पाहा

आतापर्यंत एका माणसाचा रिपोर्ट पाहिला. हीच चूक सभेत आणि ग्रामसभेत गटांविषयी होते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, सतरा राज्यांतल्या आदिवासी भागांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठरले. साहजिकच आकडे भरपूर आले, आणि त्यांबरोबर युक्तिवादही.

एक नमुना घेऊ. आकडे पुन्हा हिशेबासाठीच. एक लाख वस्तीच्या तालुक्यात ३०० रुग्णांची नोंद आहे. त्यांत १८० पहिल्या समाजाचे, ६० दुसऱ्याचे आणि ६० इतरांचे. वक्ता म्हणतो, "साठ टक्के रुग्ण एकाच समाजाचे आहेत, म्हणजे हा त्यांचाच आजार आहे." आता विचारा, तालुक्यात त्या समाजाची माणसे किती? सत्तर हजार. म्हणजे हजारी २.६ रुग्ण. इतरांची वस्ती पंचवीस हजार, म्हणजे हजारी २.४, जवळजवळ तितकेच. दुसऱ्या समाजाची वस्ती मात्र फक्त पाच हजार आहे, म्हणून त्यांचे हजारी १२ रुग्ण होतात. वक्त्याच्या टक्केवारीत जो समाज केवळ वीस टक्के म्हणून मागे राहिला, प्रत्यक्षात औषध, समुपदेशन आणि तपासणीची गरज त्यालाच सर्वात जास्त आहे. "रुग्णांपैकी इतके टक्के त्या समाजाचे" आणि "त्या समाजापैकी इतके टक्के रुग्ण" ही वाक्ये कानाला सारखी लागतात. दुसऱ्यासाठी वस्तीचा आकडा लागतो, आणि नेमका तोच भाषणात नसतो.

इतक्यावर थांबलो तर आपणही फसू. शिबिरे दुसऱ्या समाजाच्या टोल्यांवरच जास्त झाली असतील, तर त्यांचे रुग्ण जास्त सापडणारच. अशा वेळी वस्तीने न भागता तपासलेल्या माणसांच्या संख्येने भागावे. विदर्भात सिकलसेल आदिवासी समाजांप्रमाणेच अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आढळतो. जिथे तपासणीच झाली नाही, तिथले शून्य हे आजार नसल्याचे शून्य नव्हे. "वर्षभरात रुग्ण दुप्पट झाले" या बातमीलाही हीच फूटपट्टी लावावी. तपासण्या चौपट झाल्या असतील, तर दर शंभर तपासण्यांमागे सापडणारे रुग्ण उलट निम्मे झालेले असतात.

मूळ प्रमाण मिळाले नाही तर

नेमका आकडा हातात नसणे हेच बहुतेक वेळा घडते. तालुक्याचा एकत्रित आकडा मिळाला तरी तो एखाद्या टोल्याला लागू पडेलच असे नाही, कारण प्रमाण समाजागणिक आणि गावागणिक बदलते. अशा वेळी एकच आकडा पक्का धरण्याऐवजी कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन अंदाज घ्यावेत आणि हजार माणसांचा हिशेब दोनदा मांडावा. मूळ प्रमाण एक टक्का धरून २५ आणि वीस टक्के धरून ८९ असे उत्तर येत असेल, तर एवढ्या अंतरात निर्णय घेता येत नाही. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुना पुढच्या तपासणीला पाठवावा आणि तो रिपोर्ट येईपर्यंत बोलणी थांबवावी, मोडू नये. दोन्ही टोकांना उत्तर सारखेच येत असेल, जसे शिबिरातल्या पॉझिटिव्हांत रुग्णांपेक्षा वाहकच फार जास्त, हे दोन्हीकडे येते, तर तेवढे विधान मूळ प्रमाणाच्या वादाशिवाय ठामपणे करता येते.